अंदाजपत्रकाचं परिशिष्ट आणि कामाशी बांधलेले हप्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन संस्था करार करतात. एक निधी देते, दुसरी काम करते. कराराच्या मुख्य मजकुरावर बैठकामागून बैठका होतात आणि अंदाजपत्रकाचं परिशिष्ट मात्र सहीच्या आदल्या दिवशी चिकटवलं जातं. पुढे भांडण होतं ते बहुतेक वेळा त्या परिशिष्टावरूनच. त्याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकच काल्पनिक उदाहरण वापरलं आहे, म्हणून प्रश्न २ आधी वाचलेला बरा.

१. करारातच एकूण रक्कम लिहिली तर चालत नाही का? वेगळं परिशिष्ट कशाला?

लहान, एकाच हप्त्याच्या कामाला चालतं. काम काही महिने चालणार असेल आणि पैसे टप्प्याटप्प्याने येणार असतील, तर तीन वेगळ्या गोष्टी कुठेतरी लिहाव्या लागतात: पैसा कशावर खर्च होणार, तो कधी मिळणार आणि काय हाती दिल्यावर मिळणार. कराराच्या कलमांत हे कोंबलं की वाचणाऱ्याला आकडे शोधावे लागतात. शिवाय एखादी तारीख बदलायची झाली तरी आख्ख्या कराराची दुरुस्ती काढावी लागते. परिशिष्ट वेगळं असलं की ते एकटंच बदलता येतं. फक्त करारात ‘हे परिशिष्ट कराराचा अविभाज्य भाग आहे’ असं वाक्य हवं, आणि परिशिष्टावर क्रमांक, तारीख व दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात.

२. परिशिष्टात नेमकं काय काय असतं?

दोन कोष्टकं आणि त्यांच्याखाली थोड्या टिपा. उदाहरण घेऊ. ‘अ’ संस्था निधी देते आहे, ‘ब’ संस्था काम करते आहे. काम दहा महिन्यांचं: २,००० कुटुंबांचं सर्वेक्षण, त्यावर आधारित प्रशिक्षण पुस्तिका, सहा कार्यशाळा आणि अंतिम अहवाल. पहिलं कोष्टक खर्चाचं:

| खर्चाचं शीर्ष | हिशेब | रक्कम |
|---|---|---|
| समन्वयक | १० महिने × ३०,००० | ३,००,००० |
| सर्वेक्षक | ४ जण × ४ महिने × १३,७५० | २,२०,००० |
| प्रवास | ४ महिने × २०,००० आणि ४ महिने × १५,००० | १,४०,००० |
| कार्यशाळा | ६ × ३०,००० | १,८०,००० |
| साहित्य व छपाई | सुरुवातीला ४०,०००, पुस्तिकेला १,२०,००० | १,६०,००० |
| थेट खर्चाची बेरीज | | १०,००,००० |
| ओव्हरहेड | कार्यालय, हिशेब असा संस्थेचा सामायिक खर्च, थेट खर्चाच्या १० टक्के | १,००,००० |
| एकूण | | ११,००,००० |

दुसरं कोष्टक हप्त्यांचं:

| हप्ता | कशावर मिळणार | कधी द्यायचं | रक्कम |
|---|---|---|---|
| १ | सही आणि कामाचा सविस्तर आराखडा | सुरुवातीला | २० टक्के, २,२०,००० |
| २ | २,००० कुटुंबांची तपासलेली माहिती | चौथ्या महिन्याअखेर | ३० टक्के, ३,३०,००० |
| ३ | सहा कार्यशाळांचे अहवाल | आठव्या महिन्याअखेर | ३५ टक्के, ३,८५,००० |
| ४ | अंतिम अहवाल आणि खर्चाचं विवरण | दहाव्या महिन्याअखेर | १५ टक्के, १,६५,००० |

‘हिशेब’ हा मधला रकाना कधीही गाळू नका. ‘प्रवास: १,४०,०००’ एवढंच लिहिलं तर सहा महिन्यांनी ‘हे कसं काढलं होतं?’ असं कुणी विचारल्यावर दोन्ही बाजूंकडे उत्तर नसतं.

हे हप्ते नीटनेटके दिसतात आणि असे हप्ते मी पुष्कळ करारांत पाहिले आहेत. तरी त्यांत एक मोठा दोष आहे. तो प्रश्न ६ मध्ये उलगडला आहे.

३. दोन्ही कोष्टकं एकमेकांशी जुळायला हवीत का? हप्ता २ म्हणजे सर्वेक्षणाचाच खर्च, असं धरायचं का?

एकूण बेरीज जुळायलाच हवी, अगदी शेवटच्या अंकापर्यंत. टक्केवारीतून काढलेल्या रकमा पूर्णांकात बसवताना एखादा फरक पडतो, तो शेवटच्या हप्त्यात घालून मोकळं व्हावं. पण एकेका हप्त्याची एकेका शीर्षाशी जोडी लावू नका. हप्ता २ सर्वेक्षणाची माहिती हाती आली म्हणून मिळतो. ती रक्कम ‘ब’ संस्था पुढच्या छपाईला वापरेल किंवा समन्वयकाच्या पगाराला. पहिलं कोष्टक पैसा कुठे जातो ते सांगतं, दुसरं तो कधी येतो ते. ही गल्लत झाली की ‘हप्ता सर्वेक्षणाचा होता, त्यातून छपाई कशी केली?’ असे निरर्थक आक्षेप सुरू होतात.

४. डिलिव्हरेबल कसं लिहायचं, म्हणजे नंतर वाद होणार नाही?

डिलिव्हरेबल म्हणजे हप्ता मिळण्यासाठी जे द्यायचं ते. तिथे हातात देता येईल अशी गोष्ट लिहा. ‘सर्वेक्षण पूर्ण करणे’ ही कृती झाली. ती पूर्ण झाली की नाही यावर दोन मतं होऊ शकतात. त्याऐवजी असं लिहिता येतं: ‘२,००० कुटुंबांच्या नोंदी असलेली एक स्प्रेडशीट फाइल, ठरलेल्या ४० प्रश्नांची उत्तरं असलेली, दुबार नोंदी काढलेली, सोबत कोणत्या रकान्यात काय आहे ते सांगणारा दोन पानी तक्ता.’ हे वाचून तिसरा माणूसही फाइल उघडून सांगू शकेल की गोष्ट मिळाली आहे की नाही.

माझी कसोटी साधी आहे. करार करणारे दोन्ही लोक उद्या नोकरी सोडून गेले आणि त्यांच्या जागी नवे आले, तरी त्यांना फक्त परिशिष्ट वाचून हप्ता द्यायचा की नाही हे ठरवता आलं पाहिजे. ‘समाधानकारक’, ‘दर्जेदार’, ‘योग्य त्या स्वरूपात’ असे शब्द या कसोटीला उतरत नाहीत.

दुसरी काळजी अशी की डिलिव्हरेबल काम करणाऱ्या संस्थेच्या हातातलं असावं. ‘कार्यशाळेला किमान २५ जण उपस्थित’ हे बऱ्याच अंशी तिच्या हातात आहे. ‘प्रशिक्षणानंतर ८० टक्के लोकांनी नवी पद्धत स्वीकारली’ हे नाही. असा परिणाम मोजा, अहवालात मागा, पण हप्ता त्यावर टांगू नका. टांगलात तर संस्था सोपे लोक निवडेल किंवा आकडे फुगवेल, आणि मोजमापाचाच उपयोग जाईल.

५. अहवाल पाठवून महिना झाला, समोरून उत्तरच नाही. हप्ता मागता येतो का?

परिशिष्टात काय लिहिलं आहे त्यावर ते अवलंबून आहे, आणि बहुतेक परिशिष्टांत काहीच लिहिलेलं नसतं. ‘स्वीकृतीनंतर ३० दिवसांत पैसे’ असं लिहिलं जातं, पण स्वीकृती किती दिवसांत द्यायची ते राहून जातं. मग ते ३० दिवस सुरूच होत नाहीत.

हे चार गोष्टींनी भागतं. तपासणारी व्यक्ती पदनामाने ठरवा. तपासणीची मुदत ठरवा, उदाहरणार्थ १५ कामकाजी दिवस. नाकारायचं असेल तर कारणं एकदाच, लेखी आणि परिशिष्टातल्या वर्णनाशी जोडून द्यावीत, असं लिहा. दर फेरीत नवं कारण काढता येऊ नये. आणि मुदतीत उत्तर आलं नाही तर डिलिव्हरेबल स्वीकारलं गेलं असं धरलं जाईल, हे वाक्य घाला.

निधी देणाऱ्या संस्थेला हे शेवटचं वाक्य खटकतं. कुणी रजेवर गेलं आणि निकृष्ट काम आपोआप मंजूर झालं तर, ही त्यांची भीती रास्त आहे. अशा वेळी मधला मार्ग काढता येतो: मुदत संपल्यावर ‘ब’ संस्था स्मरणपत्र पाठवेल आणि त्यानंतर ५ कामकाजी दिवस गेले तरच स्वीकृती धरली जाईल.

६. हप्ते तर ठरले आहेत, तरी चौथ्या महिन्यात आमच्याकडे पगाराला पैसे नाहीत. असं का होतं?

कारण डिलिव्हरेबल देण्याची तारीख आणि पैसे खात्यात येण्याची तारीख यांत मोठं अंतर असतं, आणि हप्ते आखताना कुणी ते मोजत नाही. प्रश्न २ मधलं उदाहरण महिन्यावार मांडू.

पहिल्या महिन्यात ‘ब’ संस्थेचा खर्च १,५५,००० होतो: समन्वयक, सर्वेक्षक, प्रवास, सुरुवातीचं साहित्य आणि दरमहा १०,००० ओव्हरहेड. पुढचे तीन महिने १,१५,००० प्रत्येकी. म्हणजे चौथ्या महिन्याअखेर ५,००,००० खर्च झालेले आणि हाती आलेले फक्त २,२०,०००.

त्या दिवशी सर्वेक्षणाची फाइल दिली जाते. तपासणीला १५ कामकाजी दिवस, म्हणजे तीन आठवडे. मग इन्व्हॉइस, आणि त्यावर ३० दिवसांची मुदत. सगळं वेळेवर झालं तरी सुमारे सात आठवडे. पैसे येतात सहाव्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. दरम्यान पाचव्या महिन्यात पुस्तिकेची छपाई होते आणि त्या महिन्याचा खर्च १,७५,००० होतो. पाचव्या महिन्याअखेर खर्च ६,७५,०००, जमा अजूनही २,२०,०००. खड्डा ४,५५,०००.

हप्ता २ येतो, थोडा श्वास मिळतो. पण सहावा, सातवा आणि आठवा हे कार्यशाळांचे महिने, दरमहा १,१५,००० खर्चाचे. हप्ता ३ आठव्या महिन्याअखेर मागितला तरी दहाव्या महिन्यात येणार. नवव्या महिन्याअखेर खर्च १०,६०,००० आणि जमा ५,५०,०००. खड्डा ५,१०,०००, म्हणजे संपूर्ण कराराच्या ४६ टक्के.

एवढा पैसा ‘ब’ संस्थेला स्वतःच्या गंगाजळीतून लावावा लागतो. मोठ्या संस्थेला ते जमतं. छोटी संस्था दुसऱ्या प्रकल्पाचे पैसे तात्पुरते वापरते, आणि तिथूनच तिच्या हिशेबाची घडी विस्कटायला लागते. कुणीही वाईट वागलेलं नसतं. कोष्टकच तसं आखलेलं होतं.

७. मग हप्ते कसे आखायचे?

महिन्यावार खर्चाचा तक्ता आधी करा, हप्ते नंतर पाडा. आणि सुरुवातीचा हप्ता सोडला, तर बाकीचे पैसे डिलिव्हरेबलच्या तारखेला येतील असं न धरता त्यानंतर सात आठवड्यांनी येतील असं धरा. वरच्याच उदाहरणात काम आणि एकूण रक्कम तीच ठेवून हप्ते असे करता येतात:

| हप्ता | कशावर | कधी द्यायचं | रक्कम |
|---|---|---|---|
| १ | सही आणि आराखडा | सुरुवातीला | ३,३०,००० |
| २ | पहिल्या १,००० कुटुंबांची माहिती | दुसऱ्या महिन्याअखेर | २,२०,००० |
| ३ | उरलेल्या १,००० कुटुंबांची माहिती | चौथ्या महिन्याअखेर | २,२०,००० |
| ४ | छापील पुस्तिका आणि पहिल्या दोन कार्यशाळांचे अहवाल | सहाव्या महिन्याअखेर | १,६५,००० |
| ५ | उरलेल्या चार कार्यशाळांचे अहवाल | आठव्या महिन्याअखेर | १,१०,००० |
| ६ | अंतिम अहवाल आणि विवरण | दहाव्या महिन्याअखेर | ५५,००० |

आता सगळ्यात मोठा खड्डा सातव्या महिन्याअखेर पडतो: खर्च ९,०५,०००, जमा ७,७०,०००, फरक १,३५,०००. आधीच्या ५,१०,००० च्या जवळजवळ चौथा भाग.

यात ‘अ’ संस्थेचाही फायदा आहे. पहिल्या आखणीत काम नीट चाललं आहे का हे तिला चौथ्या महिन्याअखेर कळलं असतं. इथे दुसऱ्या महिन्यातच पहिल्या हजार नोंदी हाती येतात आणि प्रश्नावलीत काही चुकलं असेल तर उरलेल्या हजारांत सुधारता येतं. किंमत एवढीच, की तिला चारऐवजी सहा वेळा तपासणी करावी लागते. याहून बारीक तुकडे मात्र पाडू नका. दर महिन्याला एक डिलिव्हरेबल ठेवलं तर दोन्हीकडची माणसं कागदच रंगवत बसतात.

८. आगाऊ रक्कम दिली आणि काम झालंच नाही तर?

आगाऊ रकमेवर कसलं काम लिहायचं हा प्रश्न पडतो, म्हणून तिथे नुसतं ‘सही झाल्यावर’ असं लिहिलं जातं. त्यापेक्षा छोटं पण खरं डिलिव्हरेबल ठेवा: कामाचा आराखडा, सर्वेक्षणाची प्रश्नावली, कोण कधी काय करणार याचं वेळापत्रक. सोबत परतफेडीचं वाक्य हवं: पुढचं डिलिव्हरेबल ठरलेल्या तारखेनंतर अमुक दिवसांत आलं नाही आणि मुदतवाढही मान्य झालेली नसेल, तर न वापरलेली आगाऊ रक्कम परत द्यायची. ‘न वापरलेली’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्वेक्षकांचे पगार दिले गेले असतील तर ते परत मागणं न्याय्य नाही.

९. शेवटच्या हप्त्यात किती रोखून ठेवावं?

अंतिम अहवाल लिहिण्याचा कंटाळा जाईल इतकं, संस्थेचे पगार अडतील इतकं नाही. आमच्या उदाहरणात शेवटच्या दोन महिन्यांचा खर्च ८०,००० आहे. त्याच्या आसपासची रक्कम पुरेशी आहे, म्हणून प्रश्न ७ मध्ये ५५,००० ठेवले. ‘अ’ संस्थेने १० टक्क्यांचा आग्रह धरला तरी चालेल. मग हप्ता ५ कमी करा, हप्ता १ ला हात लावू नका. शेवटी ३० टक्के रोखून ठेवणारी परिशिष्टं असतात. तिथे काम संपल्यावरही कित्येक महिने पैसे अडकतात, आणि तोवर ते काम केलेली माणसं पांगलेली असतात.

१०. काम कमी पैशांत झालं. उरलेले पैसे कुणाचे?

या एका प्रश्नाचं उत्तर परिशिष्टाच्या पहिल्या ओळीत असायला हवं, आणि तिथेच ते नसतं.

ठरीव रकमेचा करार असेल तर डिलिव्हरेबल मान्य झालं की हप्ता पूर्ण मिळतो. खर्च कमी झाला तर फायदा ‘ब’ संस्थेचा, जास्त झाला तर तोटाही तिचाच. खर्चाचं कोष्टक तिथे किंमत कशी काढली एवढंच दाखवतं; बिलं मागायची नसतात.

प्रत्यक्ष खर्चाचा करार असेल तर हप्ता ही उचल असते आणि शेवटी हिशेब होतो. समजा कार्यशाळांसाठी स्वस्तात जागा मिळाली आणि थेट खर्च ९,४०,००० झाला. त्यावर १० टक्के ओव्हरहेड ९४,०००. एकूण १०,३४,०००. म्हणजे ६६,००० उरले, आणि प्रश्न २ च्या आखणीत शेवटचा हप्ता १,६५,००० ऐवजी ९९,००० मिळेल. ओव्हरहेडही खर्चाबरोबर घटतो हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

खरी अडचण या दोन्हींच्या मिश्रणाची आहे. डिलिव्हरेबल मान्य झाल्याशिवाय हप्ता नाही, आणि हप्ता मिळाल्यावर पुन्हा प्रत्येक बिल दाखवा, उरलं तर परत करा, जास्त झालं तर तुमचं तुम्ही बघा. यात दोन्हीकडचा धोका काम करणाऱ्या संस्थेवर पडतो. मला हे अन्यायाचं वाटतं. ‘अ’ संस्थेला जिथून पैसा येतो त्या निधीदात्याच्या अटींमुळे बिलं घ्यावीच लागत असतील, तर डिलिव्हरेबलची अट हलकी ठेवा: प्रगती अहवालावर हप्ता द्या आणि शेवटी खर्चाचा हिशेब करा.

११. एका शीर्षातले पैसे दुसऱ्यात वापरता येतात का? ‘१० टक्क्यांपर्यंत मुभा’ म्हणजे कशाचे १० टक्के?

ठरीव रकमेच्या करारात हा प्रश्नच येत नाही (प्रश्न १० पाहा). प्रत्यक्ष खर्चाच्या करारात मात्र ‘कशाचे’ हे लिहायलाच हवं. प्रवासाच्या शीर्षाचे १० टक्के म्हणजे १४,०००. एकूण रकमेचे १० टक्के म्हणजे १,१०,०००. दोन्ही अर्थ त्याच वाक्यातून निघतात. शिवाय ती मुभा पैसे ज्या शीर्षातून काढले त्याच्यावर मोजायची की ज्यात घातले त्याच्यावर, आणि एका वेळेपुरती की संपूर्ण कराराभरात मिळून, हेही सांगा. पगार आणि ओव्हरहेड यांत भर घालायला बहुधा लेखी परवानगी लागते. तशी अट असेल तर ती याच टिपेत हवी.

१२. ओव्हरहेड १० टक्के ठरला. थेट खर्चावर की एकूणावर?

थेट खर्चावर काढला तर १०,००,००० वर १,००,००० आणि एकूण ११,००,०००. ‘एकूण रकमेच्या १० टक्के’ असं लिहिलं तर ११,००,००० मधले १,१०,००० ओव्हरहेड आणि कामासाठी उरले ९,९०,०००. ‘ओव्हरहेडसह एकूण १०,००,०००, दर थेट खर्चाच्या १० टक्के’ असं असेल तर १.१ ने भागा: थेट खर्च ९,०९,०९१, ओव्हरहेड ९०,९०९. ओव्हरहेड प्रत्येक हप्त्यात आपोआप आलेला असतो, त्यासाठी वेगळा हप्ता नको.

१३. २,००० पैकी १,८५० कुटुंबांचंच सर्वेक्षण झालं. हप्ता पूर्ण, अर्धा की काहीच नाही?

परिशिष्ट गप्प असेल तर ‘अ’ म्हणेल डिलिव्हरेबल पुरं नाही, ‘ब’ म्हणेल ९२.५ टक्के झालंय. दोघांचंही म्हणणं चूक नसतं. मोजता येणाऱ्या डिलिव्हरेबलला उंबरठा लिहून ठेवा: ९५ टक्के किंवा जास्त असेल तर पूर्ण हप्ता, ७५ ते ९५ च्या दरम्यान असेल तर प्रमाणात, त्याखाली असेल तर काम पुरं होईपर्यंत थांबायचं. या नियमाने प्रश्न २ मधल्या ३,३०,००० चे ९२.५ टक्के, म्हणजे ३,०५,२५० मिळतील. उरलेल्या नोंदी नंतर दिल्या तर बाकीची रक्कम मिळेल का, तेही लिहा.

अहवाल, पुस्तिका अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींना प्रमाण लावू नका. तिथे दुरुस्तीच्या किती फेऱ्या ते ठरवा, दोन पुरतात.

१४. उशीर आमच्यामुळे झालाच नाही. ‘अ’ संस्थेने प्रश्नावली मंजूर करायला पाच आठवडे लावले. तरी तारीख चुकली म्हणून हप्ता अडवतात.

म्हणूनच हप्त्यांच्या कोष्टकात आणखी एक रकाना लागतो: ‘यासाठी दुसऱ्या बाजूकडून काय हवं’. हप्ता २ समोर लिहायचं की मंजूर प्रश्नावली पहिल्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याअखेर मिळायला हवी, आणि ती जितके दिवस उशिरा येईल तितके दिवस डिलिव्हरेबलची तारीख आपोआप पुढे जाईल.

पण तारीख पुढे गेली तरी सर्वेक्षकांचे पगार चालूच राहतात. महिन्याला ५५,००० म्हणजे पाच आठवड्यांना साधारण ६३,००० चा भार. ठरीव रकमेच्या करारात तो कुणी सोसायचा हे लिहिलेलं नसेल तर ‘ब’ संस्थाच सोसते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त उशीर समोरून झाला तर वाढीव पगारखर्च वेगळा मिळेल, अशी टीप मागायला संकोच करू नका. उशीर होतोय हे त्याच आठवड्यात लेखी कळवा. शेवटी सांगितलेल्या कारणाला कुणी मोल देत नाही.

१५. काम चालू असताना करारापेक्षा वेगळं काही करायचं ठरलं, ईमेलवर दोघांनी होकार दिला. पुरेसं आहे का?

करारात ‘बदल फक्त लेखी व सहीनिशी’ असं असेल तर नाही. तारखेतला छोटा बदल नियुक्त व्यक्तींच्या ईमेलवर चालेल, पण रक्कम किंवा डिलिव्हरेबल बदलत असेल तर सुधारित परिशिष्ट हवं, अशी विभागणी सुरुवातीलाच करा. सुधारित परिशिष्ट संपूर्ण काढा, नवीन आवृत्ती क्रमांकासह. ‘ओळ ३ मध्ये अमुकऐवजी तमुक’ अशा चिठ्ठ्या साठल्या की लागू आकडा कोणता ते कुणालाच सांगता येत नाही. करार आणि परिशिष्ट यांत विसंगती निघाली तर कोणतं चालेल हेही करारात हवं. रकमा आणि तारखांपुरतं परिशिष्ट वरचढ ठेवणं सोयीचं पडतं.

१६. दोन देशांतल्या संस्था आहेत. चलन आणि कर कसे लिहायचे?

कराराचं चलन एकच ठेवा आणि विनिमय दराचा फरक कुणाचा ते सांगा. बँकेचं शुल्क पाठवणाऱ्याचं की घेणाऱ्याचं, तेही लिहा. नाहीतर प्रत्येक हप्ता थोडा कमी पोहोचतो आणि शेवटी हिशेब जुळत नाही. कराबाबत एवढंच: रक्कम करासह आहे की कर वेगळा, आणि पैसे देताना कुठे कर कापला जाणार असेल तर तो धरून ही रक्कम आहे की नाही. दर आणि सूट देशागणिक वेगळे, त्यासाठी तिथला कर सल्लागार लागेलच.

१७. निधी वरूनच थांबला आणि पाचव्या महिन्याअखेर करार संपवला. आम्हाला किती मिळेल?

प्रश्न २ च्या आखणीत या क्षणी ‘ब’ संस्थेने ६,७५,००० खर्च केले आहेत आणि तिला २,२०,००० मिळाले आहेत. समजा, सर्वेक्षणाची फाइल अजून तपासणीतच आहे. परिशिष्टात ‘स्वीकृत डिलिव्हरेबलचे पैसे मिळतील’ एवढंच असेल, तर फाइल मान्य झाल्यावर ३,३०,००० येतील आणि एकूण ५,५०,००० होतील. १,२५,००० ची छपाई आणि पगार ‘ब’ च्या अंगावर. फाइलच्या स्वीकृतीची मुदत करार संपल्यावर लागू राहते की नाही हे स्पष्ट नसेल, तर तेही ३,३०,००० लटकतात.

म्हणून करार संपवण्याच्या टिपेत तीन रकमा वेगळ्या लिहाव्यात. एक, संपवण्याच्या दिवसापर्यंत दिलेल्या डिलिव्हरेबलचे पूर्ण हप्ते. त्यांची तपासणी आधी ठरलेल्या मुदतीतच व्हायला हवी. दोन, पुढच्या डिलिव्हरेबलसाठी झालेला प्रत्यक्ष खर्च, त्या हप्त्याच्या रकमेच्या मर्यादेत. इथे पाचव्या महिन्याचे १,७५,००० आणि मर्यादा ३,८५,०००, त्यामुळे ते पूर्ण बसतात. तीन, मागे घेता न येणारी देणी: छापखान्याची उरलेली बाकी, समन्वयकाच्या नोटिशीचा महिना. नोटीस मिळाल्यावर नवी देणी लावायची नाहीत, ही अट ‘अ’ संस्थेने घालणं योग्यच आहे.

या तिन्ही रकमांच्या बेरजेतून आधीच दिलेली आगाऊ रक्कम वजा जायची की नाही, हेही तिथेच ठरवा. आमच्या उदाहरणात पहिला हप्ता आराखड्याच्या डिलिव्हरेबलवर मिळालेला आहे, तरी त्यातून पहिल्या चार महिन्यांचा खर्च भागला. हप्ते १ आणि २ मिळून ५,५०,०००, चौथ्या महिन्यापर्यंतचा खर्च ५,००,०००. वरचे ५०,००० पाचव्या महिन्याच्या १,७५,००० मधून वजा केले तर आणखी १,२५,००० देय राहतात आणि एकूण झालेल्या खर्चाइतकं, ६,७५,००० होतं. वजावट केली नाही तर ७,२५,००० होतं. ठरीव रकमेच्या करारात दुसरा अर्थ लावता येतो, प्रत्यक्ष खर्चाच्या करारात पहिलाच बरोबर.